अहवालावरची मोहोर आणि तिच्यामागचे पान



या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलले जाते, राज्यघटनेवर बोलले जाते, नाटकावर तर दरसाल बोलले जाते. त्या मालिकेत हळदीच्या एका कागदावर तासभर बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. पण चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आमच्या खिशात तो कागद होता आणि डोक्यातही तोच होता. आमचे सारे आयुष्य प्रयोगशाळेत गेले. हजारो अहवालांवर आम्ही सही केली. मौज अशी, की आपण सही केलेला कागद घेणारा माणूस तो कसा वाचतो, हे आम्हाला निवृत्त झाल्यावर प्रथम कळले.

आमच्या पेठेत गृहिणींचे एक खरेदी मंडळ आहे. चाळीस-पन्नास घरे एकत्र येऊन वर्षाची बेगमी घाऊक भावाने घेतात. मार्चमध्ये नवी हळद बाजारात येते, तेव्हा हळदही घेतात. पूर्वी सांगलीकडची हळकुंडे आणून गिरणीतून दळून घेत. अलीकडे तेवढा वेळ कोणाला नाही, म्हणून पूडच आणतात. मार्च २०२२ मध्ये मंडळाने एका व्यापाऱ्याशी पंचवीस-पंचवीस किलोंची आठ पोती, म्हणजे दोनशे किलो पूड, ठरवली. शिशाच्या बातम्या बायकांच्या कानावर होत्या. बांगलादेशात हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी पॉलिश करताना लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग लावत होते, हे तिथल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले होते. म्हणून मंडळाने व्यापाऱ्याकडे तपासणीचा अहवाल मागितला. तो त्याने तासाभरात मोबाइलवर पाठवला. चिटणीसबाई तो घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, शिसे नाही असे स्पष्ट लिहिले आहे, सरकारी शिक्काही आहे. आगाऊ रक्कम देऊन टाकू ना?"

आम्ही कागद पाहिला. वर प्रयोगशाळेचे नाव, कोपऱ्यात एन.ए.बी.एल. या मंडळाचे चिन्ह, खाली हळद पूड असे नमुन्याचे नाव आणि मग चार-पाच ओळी: ओलावा ७.९ टक्के, एकूण राख, आम्लात न विरघळणारी राख, कुरकुमिन ३.१ टक्के आणि शेवटी शिसे: आढळले नाही. दिसायला कागद देखणा होता. आम्ही बाईंना म्हटले, "चहा घ्या. तोवर आपण या चिन्हाच्या मागचे पान उघडू."

आता हे मागचे पान म्हणजे काय ते सांगतो, कारण आजचे व्याख्यान सारे त्या पानाचेच आहे.

एन.ए.बी.एल. हे मंडळ स्वतः हळद तपासत नाही. ते भारतीय गुणवत्ता परिषदेचे एक घटक मंडळ असून तपासणाऱ्यांना तपासते. आय.एस.ओ./आय.ई.सी. १७०२५ नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची चालू आवृत्ती २०१७ ची आहे. त्यात प्रयोगशाळेने काय काय सिद्ध करायचे ते दिले आहे. मंडळाचे परीक्षक प्रयोगशाळेत येतात. तराजू कधी पडताळला, प्रमाण द्रावण कोठून आणले, काम करणाराला ते येते का, हे पाहतात. आपल्यासमोर चाचणी करून दाखवायला सांगतात. बाहेरून आलेले गुप्त नमुने प्रयोगशाळेने कितपत अचूक ओळखले त्याच्या नोंदी मागतात. मग जे पटले त्याला अधिस्वीकृती देतात.

'जे पटले त्याला' हे शब्द आम्ही मुद्दाम म्हटले. लोकांची समजूत अशी असते, की अधिस्वीकृती प्रयोगशाळेला मिळते. एका अर्थी ते खरेही आहे. पण खरोखर ती मिळते एकेका चाचणीला. प्रयोगशाळेने अर्ज करताना यादी दिलेली असते: अमुक पदार्थात, अमुक गुणधर्म, अमुक पद्धतीने. परीक्षक तेवढेच पाहतात. पुढे प्रमाणपत्राला जी यादी जोडली जाते तिला इंग्रजीत स्कोप म्हणतात. आपण तिला व्याप्तिपत्र म्हणू. प्रमाणपत्र एक पानाचे असते, ते चौकटीत घालून भिंतीवर लावतात. व्याप्तिपत्र कधी दहा पानांचे, कधी शंभर पानांचे असते. ते कोणी भिंतीवर लावत नाही आणि व्यापारी तर ते कधीच पाठवत नाही. आमच्या माणसांच्या भाषेत सांगायचे तर वाहन चालवण्याचा परवाना आणि त्यावरचा वाहनाचा प्रकार यांच्यात जे नाते, तेच येथे आहे. स्कूटरचा परवाना खोटा नसतो. पण त्यावर एस.टी. चालवता येत नाही.

ही यादी गुप्त नाही. मंडळाच्या nabl-india.org या संकेतस्थळावर प्रयोगशाळा शोधण्याची सोय आहे. नावाने शोधता येते, गावाने शोधता येते. पण सर्वांत चांगला शोध प्रमाणपत्राच्या क्रमांकाने होतो. तपासणी प्रयोगशाळांचा क्रमांक TC या अक्षरांनी सुरू होतो आणि तो अहवालावरच्या चिन्हाच्या खाली छापलेला असतो. उपकरणे पडताळून देणाऱ्या प्रयोगशाळांचा क्रमांक CC ने सुरू होतो. हळदीच्या अहवालावर CC दिसला तर पुढे वाचायचे कारणच उरत नाही.

चिटणीसबाईंच्या मोबाइलवरच आम्ही तो क्रमांक घातला. प्रयोगशाळा सापडली. नाव जुळले. पत्ता जुळला. पत्ता जुळणे ही क्षुल्लक गोष्ट नाही, हेही सांगून ठेवतो. अधिस्वीकृती त्या वास्तूतल्या कामाला असते. एका कंपनीच्या चार गावी चार प्रयोगशाळा असतील, तर एकीच्या प्रमाणपत्राने बाकीच्या तिघींचे काम प्रमाणित होत नाही. मग मुदत पाहिली. नमुना मिळाल्याची तारीख, चाचणीच्या तारखा आणि अहवालाची तारीख या तिन्ही मुदतीच्या आत होत्या. अधिस्वीकृती मध्येच स्थगित झालेल्या किंवा काढून घेतलेल्या प्रयोगशाळांची नोंदही मंडळ प्रसिद्ध करते. तीतही हे नाव नव्हते. बाईंचा चेहरा खुलला. येथवर सारे खरे होते. प्रयोगशाळा खरी, चिन्ह खरे, प्रमाणपत्र चालू.

बहुतेक माणसे येथे थांबतात. जे चौकस म्हणवतात तेही येथे थांबतात, आणि आपण पडताळणी केली अशा समाधानात थांबतात म्हणून त्यांची फसगत अधिक होते.

आम्ही व्याप्तिपत्र उघडले. त्यात रकाने असतात. प्रथम विषय, म्हणजे रासायनिक की जैविक वगैरे, मग पदार्थ, मग त्या पदार्थात काय मोजायचे ते आणि मग पद्धत. आम्ही मसाल्याचे पदार्थ हा गट शोधला. त्यात ओलावा होता, राख होती, आम्लात न विरघळणारी राख होती, कुरकुमिन होते. बुरशी आणि जंतूंच्या चाचण्याही होत्या. शिसे नव्हते. पुन्हा पाहिले. नव्हते. मग सबंध पत्रात शिसे हा शब्द शोधला, तो एकाच ठिकाणी सापडला: पिण्याचे पाणी या गटाखाली.

बाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांना शिसे मोजता येते तर! पाण्यातले काय आणि हळदीतले काय, शिसे ते शिसेच." हा प्रश्न साधा वाटतो, पण साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे. म्हणून त्याला थोडा वेळ देतो.

शिसे मोजणारे यंत्र हळद पाहत नाही. ते फक्त द्रावण पाहते. पाण्याच्या नमुन्यात शिसे आधीच विरघळलेले असते. थोडे आम्ल घालायचे आणि यंत्राला द्यायचे. हळदीत तसे नाही. हळद म्हणजे स्टार्च, तंतू, तेल आणि रंग यांचा गोळा. त्यातले शिसे द्रावणात आणायचे तर आधी त्या गोळ्याचा नायनाट करावा लागतो. त्यासाठी अर्धा ग्रॅम पूड तीव्र नायट्रिक आम्लात घालून बंद नळीत, दाबाखाली, मायक्रोवेव्हच्या उष्णतेने पचवतात. आमच्या धंद्यात या क्रियेला पचवणे असेच म्हणतात आणि शब्द चपखल आहे. शेवटी नळीत स्वच्छ पाणी उरले पाहिजे. गाळ राहिला तर पचन अपुरे झाले. दुसरी जुनी रीत म्हणजे पूड भट्टीत जाळून राख करणे आणि राख आम्लात विरघळवणे. तिच्यात धोका उलटा आहे. भट्टी फार तापली तर शिशाचा काही अंश उडून जातो आणि राखेत कमी भरतो. म्हणजे दोन्ही चुकांचा परिणाम एकाच दिशेने होतो: शिसे आहे त्यापेक्षा कमी दिसते. आणि लेड क्रोमेट तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. रंगारी त्याला पसंत करतात ते त्याच गुणासाठी.

चाचणी नीट झाली हे ओळखायचे कसे? चांगली प्रयोगशाळा पुडीत स्वतःच्या हाताने ठाऊक असलेले शिसे घालते आणि सारी क्रिया करून ते परत किती मिळाले हे पाहते. शंभर भाग घातले आणि नव्वद-पंचाण्णव परत मिळाले तर ठीक. चाळीस मिळाले तर पद्धत बिघडली आहे. परीक्षक व्याप्तिपत्रात 'मसाल्यात शिसे' अशी ओळ घालण्यापूर्वी हेच मागतात. ज्या प्रयोगशाळेच्या पत्रात ती ओळ नाही तिने हे केलेच नसेल असे नाही. पण केले आहे हे कोणी तिऱ्हाइताने पाहिलेले नाही, एवढे नक्की.

आता त्या अहवालाकडे पुन्हा वळू. अधिस्वीकृतीचे चिन्ह असलेल्या अहवालावर ULR नावाचा एक लांबलचक क्रमांक असतो. तो नुसता क्रमांक नसून त्याची बांधणी ठरलेली आहे. प्रथम TC आणि प्रमाणपत्राचा क्रमांक, मग वर्षाचे दोन अंक, मग प्रयोगशाळेच्या जागेचा एक अंक, मग आठ अंकांचा चढता क्रमांक आणि आमच्या हाती आलेल्या त्या अहवालावर शेवटी एक अक्षर होते. हे अक्षर F असेल तर अहवालातल्या सर्व चाचण्या व्याप्तीतल्या. P असेल तर काही व्याप्तीतल्या, काही बाहेरच्या. आमच्या कागदावर P होते. मग कोणत्या बाहेरच्या? ते अहवालात सांगितलेले असायला हवे. आम्ही मोबाइलवरचे ते चित्र मोठे करून पाहिले. 'शिसे' या शब्दाच्या शेजारी मोहरीएवढी एक तारका होती. तारका असली की तिचा खुलासा पानाच्या पायथ्याशी असतो. पण चित्राला पायथाच नव्हता. सहीच्या खाली चित्र कापलेले होते.

व्यापाऱ्याने मुद्दाम कापले, की चित्र काढताना हात हलला, हे आम्हाला माहीत नाही आणि आम्ही त्याच्यावर आरोप करत नाही. आम्ही प्रयोगशाळेला फोन लावला आणि ULR क्रमांक सांगितला. हा फोन अवश्य करावा. अहवालाचा आकडा बदलून पुन्हा छापणे आज शाळकरी मुलालाही जमते. म्हणून क्रमांक सांगून आकडे प्रयोगशाळेकडूनच ऐकावेत. प्रयोगशाळेला ग्राहकाची गुप्तता पाळावी लागते. त्यामुळे काही ठिकाणी आधी व्यापाऱ्याची संमती मागतात. ती देण्यास व्यापारी कांकू करू लागला, तर तेही एक उत्तरच समजावे. आमच्या व्यापाऱ्याने संमती दिली. तिकडून एक तरुण रसायनज्ञ बोलला. पोरगा सरळ होता. म्हणाला, "साहेब, खाली लिहिले आहे की तारांकित चाचणी व्याप्तीबाहेरची आहे. पाण्याचे नमुने आम्ही रोज लावतो. हळदीत शिसे पाहायचे काम पहिल्यांदाच आले होते."

"कसे पाहिले?" आम्ही विचारले.

"पूड पातळ आम्लात ढवळली, गाळली आणि गाळलेले द्रावण यंत्राला दिले."

"गाळणकागदावर काय राहिले?"

"पिवळा गाळ राहिला, साहेब."

हळदीचा गाळ पिवळाच असणार. त्या पिवळ्यात आणखी एक पिवळे असेल, अशी शंका कोणाला यावी? आम्ही त्याला दोष दिला नाही. आमच्या तरुणपणी आम्हीही असले उद्योग केले आहेत. आणखी एक गोष्ट आम्ही त्याला विचारली. 'आढळले नाही' म्हणजे कितीपर्यंत आढळले नाही? प्रत्येक पद्धतीला एक तळ असतो, त्याखाली तिला दिसत नाही. 'आढळले नाही' या शब्दांपुढे तो तळ लिहिलेला नसेल तर त्या शब्दांना अर्थ नाही. आपल्या देशात हळदीतल्या शिशाची कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा किलोमागे दहा मिलिग्रॅम आहे. ज्या पद्धतीचा तळ अर्धा मिलिग्रॅम आहे तिचे 'आढळले नाही' उपयोगी. ज्या पद्धतीचा तळच वीस मिलिग्रॅम आहे तिचे 'आढळले नाही' ऐकून निश्चिंत होणे म्हणजे डोळे मिटून घरात चोर नाही म्हणण्यासारखे झाले. त्या पोराने सांगितलेला तळ अर्ध्या मिलिग्रॅमचा होता. पण तो द्रावणाचा हिशेब होता. गाळणकागदावर राहिलेले त्यात धरलेले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्याप्तीबाहेरचा अहवाल म्हणजे खोटा अहवाल नव्हे. तो बरोबरही असू शकतो. आम्ही फोन केला नसता, तर आमच्यापुढे एवढेच होते: या एका ओळीच्या मागे कोणी उभे नाही. ज्या घरात लहान मूल आहे त्या घराला एवढे पुरेसे आहे का? शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि त्याचे सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मंडळाच्या पन्नास घरांत मुले कमी नव्हती. बायकांनी ठरवले, की आपल्या पैशाने पुन्हा तपासायचे.

मग आम्ही उलट्या दिशेने शोध घेतला. आधी प्रयोगशाळा निवडून मग तिची व्याप्ती पाहायची नाही. आधी ओळ शोधायची, 'मसाले, शिसे, आय.सी.पी.-एम.एस.' किंवा त्या जातीच्या यंत्राची पद्धत, आणि ती ओळ ज्यांच्या पत्रात आहे त्यांतली सोयीची प्रयोगशाळा घ्यायची. अन्नाच्या बाबतीत आणखी एक चाळणी आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण २००६ च्या कायद्याच्या ४३ व्या कलमाखाली अधिस्वीकृत प्रयोगशाळांतून काहींना मान्यता देऊन त्यांची यादी प्रसिद्ध करते. भांडण पुढे जायची शक्यता असेल तर त्या यादीतलीच घ्यावी. आम्हाला शहरात अशी एक मिळाली. पैसे थोडे अधिक पडले. पन्नास घरांत वाटले तर एकेका घराला चहाचा खर्च.

पण प्रयोगशाळा कितीही उत्तम असली तरी ती आपल्या हाती आलेल्या पाकिटाबद्दलच बोलते. पहिल्या अहवालात एक ओळ होती, जी कोणी वाचली नव्हती: 'निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते, नमुना ग्राहकाने आणून दिला.' ती ओळ कटकट म्हणून छापलेली नसते. मानकच ती मागते. त्या पाकिटातली हळद आपल्या आठ पोत्यांतली होती, असे अहवाल कोठेही म्हणत नव्हता. लॉटचा क्रमांकही नव्हता. तेव्हा नमुना आपणच घ्यायचा. व्यापाऱ्याच्या गुदामात त्याच्या माणसासमोर आम्ही आठही पोती उघडली. पोत्यात खुपसून माल काढायची टोकदार नळी असते. तिने प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून पूड काढली. स्वच्छ कागदावर सारी एकत्र कालवली, पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, उरलेले पुन्हा कालवले. असे करत सहाशे ग्रॅमवर आणले आणि तीन सारखी पाकिटे केली. तिन्ही बंद करून त्यांवर आमची आणि त्या माणसाची सही घेतली. एक प्रयोगशाळेला, एक मंडळाच्या कपाटात, एक व्यापाऱ्याकडे. यात एक उणीव आहे, ती कबूल करतो. आठ पोती एकत्र कालवली की एका पोत्यातला दोष आठांत वाटला जातो आणि सौम्य दिसतो. प्रत्येक पोत्याची स्वतंत्र चाचणी करणे परवडत नव्हते.

प्रयोगशाळेला आम्ही लेखी विचारले: शिसे आणि क्रोमियम दोन्ही पाहावे, पूर्ण पचवून पाहावे, तळ लिहावा, आणि आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता लिहावी. अनिश्चितता म्हणजे चूक नव्हे. प्रत्येक मोजणीला थोडी हलती कड असते. ती किती रुंद, हे जाणणारा जाणकार. क्रोमियम का मागितले, ते लगेच कळेल.

बारा दिवसांनी अहवाल आला. क्रमांकाच्या शेवटी F होते. शिसे किलोमागे २३ मिलिग्रॅम, अनिश्चितता चार इकडे-तिकडे. क्रोमियम ७ मिलिग्रॅम.

तेवीस उणे चार एकोणीस. तरीही मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. हाच आकडा अकरा आला असता आणि कड चारची असती, तर नापास म्हणताना आम्ही कचरलो असतो. अशा वेळी कोणत्या नियमाने निर्णय घेतला हे प्रयोगशाळेने सांगायचे असते. आता क्रोमियमचा उपयोग पाहा. लेड क्रोमेटमध्ये शिशाच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश क्रोमियम असते. तेवीसचा चतुर्थांश पावणेसहा. आले सात, त्यातला वरचा एक-सव्वा मातीधुळीतून आला असे धरता येते. शिसे जमिनीतून किंवा दळताना आले असते तर त्याच्या जोडीला क्रोमियम या प्रमाणात येण्याचे कारण नव्हते. एका नमुन्यावरून शपथ घेता येत नाही, पण बोट रंगाकडे जात होते.

आम्हाला सर्वांत चटका लावला तो यापुढच्या हिशेबाने. लेड क्रोमेटच्या वजनात शिसे ६४ टक्के. तेवीस मिलिग्रॅम शिसे म्हणजे सुमारे ३६ मिलिग्रॅम रंग. दोनशे किलोंचा हिशेब केला तर सात ग्रॅमांच्या थोडे वर. दीड चहाचा चमचा म्हणा, कदाचित तेवढाही नाही, कारण ही पूड जड असते. पन्नास घरांच्या वर्षभराच्या हळदीत एवढाच रंग. डोळ्याला, नाकाला, जिभेला तो कळणे शक्य नाही.

व्यापारी वाईट माणूस नव्हता. अहवाल पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याने हळकुंडे पॉलिश केलेलीच विकत घेतली होती आणि त्यालाही पहिल्या विक्रेत्याने असाच एक कागद दिला होता. माल त्याने परत घेतला, आगाऊ रक्कम दिलेलीच नव्हती. बायकांनी त्या साली पॉलिश न केलेली, ओबडधोबड, मळकट दिसणारी हळकुंडे आणली आणि गिरणीसमोर रांग लावली.

आमच्यासारखे मंडळ प्रत्येकाच्या पेठेत नसते. म्हणून एकट्या गिऱ्हाइकाला काय करता येते, हे सांगून टाकतो. त्याच कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे कोणीही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की विकत घेतानाच दुकानदाराला आपला तसा इरादा सांगितला पाहिजे. घरी आणून डबा अर्धा संपवल्यावर सांगून उपयोग नाही. आणि पदार्थ कायद्याविरुद्ध निघाला तर भरलेले शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे. हे कलम वापरणारा गिऱ्हाईक आम्ही सबंध नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो, कारण प्रश्नोत्तरांत तो येणारच. पुष्कळ प्रयोगशाळांच्या पाटीवर 'आय.एस.ओ. ९००१ प्रमाणित' असे असते. ते मानक निराळे आहे. कागदपत्रे, तक्रारी, कामाची शिस्त यांची व्यवस्था आहे, एवढे ते सांगते. हळदीतले शिसे या माणसांना मोजता येते, असे ते सांगत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. घराच्या बांधकामाचे काँक्रीटचे ठोकळे किंवा सळया तपासून घेणाऱ्या मंडळींनीही हेच ध्यानात ठेवावे. तिथेही सळीच्या ताणाची ओळ पत्रात असते आणि तिच्या रासायनिक घटकांची नसते, असे आम्ही पाहिले आहे. ते दुसऱ्या एखाद्या सायंकाळचे व्याख्यान होईल.

त्या पहिल्या प्रयोगशाळेचे काय झाले, असे चिटणीसबाई मधूनमधून विचारतात. पुढच्या वर्षी हळदीच्या दिवसांत आम्ही सहज तिचे व्याप्तिपत्र उघडले. मसाल्यांच्या गटात, कुरकुमिनच्या खाली, एक नवी ओळ आली होती: शिसे. आम्ही त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, मायक्रोवेव्हची नळी घेतली. परीक्षकांनी तीन वेळा करून दाखवायला लावले. आता कागदावर गाळ राहत नाही."